बुट्टी हरवते कुठे?

फोटोतली साडी बदलून द्या, ही मागणी स्टुडिओवाल्यांना आता नवी राहिलेली नाही. पूर्वी फार तर साडीचा रंग बदलून मिळायचा. आता सिलेक्शन करायचं, कुठली साडी हवी ते दोन ओळींत लिहायचं, की अख्खी साडीच बदलून समोर येते. मोबाईलवर बघितलं तर कुणाला शंकाही येऊ नये इतकी बेमालूम. रडकथा सुरू होते ती लॅबमधून मोठी प्रिंट आल्यावर. चेहरा नीट, हात नीट, मागची भिंतसुद्धा नीट, आणि साडी मात्र मेणातून काढल्यासारखी गुळगुळीत. मग सगळे अपस्केलिंगच्या सॉफ्टवेअरमागे धावतात. कुणी म्हणतं हे घ्या, कुणी म्हणतं ते चारपट करून देतं.

माझं म्हणणं असं की धाव चुकीच्या दिशेनं आहे. कापडाचा पोत फोटो मोठा करताना जात नाही, तो त्याच्या आधी, कपडा बदलतानाच गेलेला असतो. तिथे जे कधी उमटलंच नाही, ते पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते फक्त त्याच्या मनाचं काहीतरी रंगवतं.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक काम सविस्तर सांगतो. ओळखीच्या एका स्टुडिओत झालेलं आहे. साठीच्या समारंभातला फोटो. बाई उभ्या, कडेवर नात, अंगावर साधी फिकी सुती साडी. लेकीनं साठीसाठी घेतलेली जांभळी खणाची साडी कुरियरनं दोन दिवस उशिरा पोचली. साडी नेसवून पुन्हा फोटो काढणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय, पण तोवर नात आईवडिलांबरोबर मेलबर्नला परत गेली होती. तेव्हा त्याच फोटोत ती साडी यावी, अशी खुद्द त्या बाईंचीच इच्छा. प्रिंट हवी होती १६ × २४ इंचांची, दिवाणखान्यात लावायला.

खण मूळचा चोळीचा. उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जातो आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. खणाच्या साड्या हल्लीच्या. त्याची ओळख म्हणजे अंगभर दाटीनं भरलेली बारीक नक्षी, जी ताण्यातल्या जादा धाग्यांनी उठवलेली असते. अशा दाट, बारीक नक्षीचं कापड हाच या सगळ्या प्रकारातला सगळ्यात अवघड पेपर. साध्या सिल्कवर जे खपून जातं ते इथे खपत नाही.

आता थोडा हिशेब. कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण सगळी गोम त्यातच आहे. फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं उभा काढलेला, म्हणजे ४००० × ६००० पिक्सेल. २४ इंच उंचीच्या प्रिंटला ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला २५० पिक्सेल. हे भिंतीवरच्या फोटोला भरपूर झालं. चांगल्या नजरेच्या माणसाला एक फुटावरून बघताना इंचाला साधारण २८५ पिक्सेलच्या पलीकडचा फरक कळत नाही, आणि दोन फुटांवरून त्याच्या निम्म्याच्या पलीकडचा. म्हणजे या प्रिंटसाठी मूळ फोटो मोठा करायची गरजच नव्हती.

बाईंची उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे ६२ इंच, आणि फोटोत त्यांनी साधारण ५००० पिक्सेल व्यापलेले. म्हणजे अंगावरच्या एक इंच कापडाला फोटोत ८० पिक्सेल मिळाले. हा एक आकडा लक्षात ठेवा: इंचाला ८०. साडीला मोजपट्टी लावली तर एकेक बुट्टी पाव इंचाची, आणि एका बुट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एक सेंटिमीटर. म्हणजे फोटोत बुट्टीला २० पिक्सेल मिळायला हवेत, आणि कागदावर ती दोन मिलिमीटरची उमटायला हवी. दोन मिलिमीटरची बुट्टी डोळ्याला स्वच्छ दिसते. तिचे कोपरे, तिच्या मधला ठिपका, सगळं दिसतं.

पण धागा? धागा दिसणार नाही, आणि दिसताही कामा नये. कापडात इंचाला ६० धागे आहेत असं धरू. एका धाग्याला निदान दोन पिक्सेल मिळाले तर कॅमेरा तो टिपू शकतो. इथे मिळतात सव्वा-दीड. शिवाय कागदावर बाई प्रत्यक्षाच्या एकतृतीयांश आकाराच्या, म्हणजे प्रिंटच्या एका इंचात १८० धागे येणार. तेवढी बारीक वीण माणसाला एक फुटावरूनही सुटी दिसत नाही. हे सांगायचं कारण असं की ‘टेक्स्चर वाढवा’ म्हटलं की कित्येक सॉफ्टवेअर आधी धागेच काढून दाखवतात. स्क्रीनवर मोठं करून बघताना ग्राहक खूश होतो. तीच प्रिंट भिंतीवर लागली की बाईंनी गोणपाट नेसलंय असं वाटतं, कारण एकतृतीयांश आकाराच्या माणसाच्या अंगावर दिसणारा धागा प्रत्यक्षात सुतळीएवढा असला पाहिजे, असा हिशेब डोळा आपोआप करतो. त्यामुळे अशा फोटोत पोत म्हणजे बुट्टीची रेघ, काठाची कड, जरीचा तुटक चकाकणारा कण आणि घडीची धार. वीण सुटी दिसायची ती जवळून काढलेल्या फोटोत, जिथे एक इंच कापडाला दोनतीनशे पिक्सेल मिळतात.

स्टुडिओतल्या मुलानं आधी सगळे करतात तेच केलं. खांद्यापासून पावलांपर्यंत अख्खी साडी सिलेक्ट केली आणि जांभळी खणाची साडी मागितली. फोटोशॉपमध्ये `Generative Fill` २०२३ साली आलं तेव्हा ते एका वेळी साधारण १०२४ × १०२४ पिक्सेलचाच तुकडा बनवत असे आणि सिलेक्शन त्याहून मोठं असेल तर तो तुकडा ताणून बसवत असे. तेव्हापासून मॉडेलं सुधारली, काहींची मर्यादा वाढली, पण ताणून बसवण्याची गोष्ट संपलेली नाही. इथे साडीची उंची ४१०० पिक्सेल. १०२४चे ४१०० करायचे म्हणजे चारपट ताण. म्हणजे यंत्रानं जेव्हा साडी काढली तेव्हा बुट्टीला त्याच्याकडे २० नव्हे, पाचच पिक्सेल होते. पाच पिक्सेलमध्ये खणाची बुट्टी बसत नाही. बसतो फक्त ठिपका. मग तोच ठिपका चौपट होऊन साडीभर पसरला.

त्या मुलानं मग हा निकाल अपस्केलरमधून काढला. ठिपक्यांच्या कडा धारदार झाल्या, एवढंच. “सर, शार्प तर झालंय, पण ही खणाची साडी वाटत नाही,” हे त्याचंच वाक्य, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. धारदार असणं निराळं आणि त्या कापडाचं असणं निराळं.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे तुकड्यातुकड्यानं काम करणं. नऊशे-हजार पिक्सेलच्या आतलं सिलेक्शन करायचं, म्हणजे ताण पडत नाही, आणि बुट्टीला तिचे पूर्ण २० पिक्सेल मिळतात. साडी दहा-बारा तुकड्यांत होते. एकरंगी कापडाला, डेनिमला, लोकरीच्या शालीला हा मार्ग चांगला. नक्षीच्या कापडाला नाही. कारण प्रत्येक तुकड्यात यंत्र नव्यानं विचार करतं. खांद्यावर बुट्टी चांदणीसारखी, निऱ्यांवर चौकटीसारखी, पदरावर तिसरीच. जांभळा रंगही दर तुकड्याला जरा वेगळा. हे जोड मोबाईलवर लपतात. १६ × २४वर नाही.

जे शेवटी जमलं ते असं. यंत्राकडून खण मागायचाच नाही. त्याच जागी साधी, बिननक्षीची, मध्यम रंगाची साडी मागायची. घड्या, निऱ्यांचा पडाव, नातीच्या पायाखाली दबलेली चुणी, डावीकडच्या खिडकीचा उजेड आणि उजवीकडची सावली, या सगळ्या मोठ्या आकाराच्या गोष्टी. त्या चारपट ताणल्या तरी फारसं बिघडत नाही. घडीची धार थोडी मऊ होते, ती हातानं ठीक करता येते. यंत्राला जे नीट येतं तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं. नक्षी घ्यायची खऱ्या साडीकडून, कारण साडी घरात होतीच.

साडी सपाट पसरून, दोन्ही बाजूंनी सारख्या, मवाळ उजेडात तिचा फोटो काढला. उजेड सपाटच हवा, कारण सावल्या आपल्याकडे आधीच आहेत. कापडाच्या स्वतःच्या चुण्यांची सावली त्यात मिसळली तर दोन दिशांचा प्रकाश दिसू लागतो. फ्रेममध्ये एका कडेला मोजपट्टी ठेवली. आपल्याला इंचाला ८० पिक्सेल हवेत, पण फोटो काढला १६०च्या हिशेबानं, म्हणजे ६००० पिक्सेलच्या रुंदीत साधारण ३७ इंच कापड. दुप्पट घेऊन निम्मं केलं की बुट्टीची कड कशी स्वच्छ निघते ते करून बघण्यासारखं आहे. दाट विणीच्या कापडावर कधीकधी इंद्रधनुषी लाटा उमटतात, त्याला मॉयरे म्हणतात. त्या १०० टक्के झूमवर तपासायच्या. दिसल्या तर कॅमेरा थोडा पुढेमागे करून पुन्हा काढायचा. नंतर त्या घालवत बसणं म्हणजे निव्वळ डोकेफोड.

यानंतर लेयरचा क्रम. खाली खऱ्या खणाचा फोटो, वर यंत्रानं दिलेली साधी साडी, रंग काढून करडी केलेली आणि `Multiply`वर ठेवलेली. ती जशीच्या तशी ठेवली तर सगळं काळवंडतं. म्हणून `Levels`मध्ये तिचा उजेडातला भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत उचलायचा. मग उजेडात खण स्वतःच्या रंगात राहतो आणि घडीत काळोख उतरतो. सगळ्याभोवती साडीपुरता मास्क. नातीची बोटं पदरात रुतली होती, तिथे मास्क हातानंच काढावा लागला.

खरी मेहनत त्यापुढे होती, आणि नव्वद टक्के कामं इथेच उघडी पडतात. कापड घडीवरून वळतं तशी बुट्ट्यांची रांगही वळली पाहिजे. प्रत्येक निरी हा वेगळा तुकडा. तिच्यावर रांग निरीच्या लांबीला धरून जाते आणि कडेला तुटते, पलीकडच्या निरीवर ती थोडी सरकून सुरू होते. जिथे कापड आत वळतं तिथे बुट्ट्या अरुंद होत जातात. म्हणून एक अख्खं कापड पसरून `Displace` लावलं की भागत नाही. एकेक निरी, पदराचा एकेक पट्टा वेगळ्या लेयरवर घेऊन `Warp`नं बसवावा लागतो. ओळखायची खूण सोपी: बुट्ट्यांची रांग निऱ्यांच्या कडा ओलांडून सरळ पुढे गेली असेल तर ते कापड नाही, स्टिकर आहे. साडीवाल्यांच्या ऑनलाईन कॅटलॉगमध्ये हल्ली हे सर्रास दिसतं.

कॅटलॉगचा विषय निघालाच आहे, तर एक बोलून टाकतो. घरच्या फोटोत बुट्टी थोडी इकडची तिकडे झाली तर कुणाचं काही जात नाही. विकायच्या साडीवर यंत्राच्या मनची बुट्टी छापणं मात्र गिऱ्हाईकाला फसवणं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे, ती काही शोभेला नाही.

आता अपस्केलिंग. फोटो बघून लेकीचा फोन आला: “दादा, याच्याहून मोठा होईल का? २४ × ३६?” ६००० पिक्सेल ३६ इंचांवर पसरले तर इंचाला १६६ राहतात. दोन फुटांवरून बघायला तेवढे पुरतात, पण घरातली माणसं नातीचा चेहरा बघायला नाक लावून उभी राहणार. तेव्हा दीडपट, म्हणजे ९००० पिक्सेल उंची, असं ठरलं.

इथे क्रम महत्त्वाचा. साडी बदललेला फोटो घेऊन तो मोठा करायचा नाही. आधी मूळ फोटो मोठा करायचा, आणि साडीचं काम त्या मोठ्या मापावर बसवायचं. का, ते पाहा. दीडपट मापावर कापडाला इंचाला १२० पिक्सेल लागतात, आणि आपल्याकडे साडीचा खरा फोटो १६०चा आहे. म्हणजे साडी अजूनही लहानच करावी लागते, मोठी नाही. ज्या भागाची सगळ्यात जास्त काळजी होती, त्याला अपस्केलिंगचा स्पर्शसुद्धा झाला नाही. हा सगळा उपद्‌व्याप करण्याचं खरं बक्षीस हेच. निऱ्यांचे तुकडे स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेवले असतील तर ते पुन्हा वळवत बसावं लागत नाही. फक्त माप बदलतं.

उरलेला फोटो कशानं मोठा करायचा? दीडपटीला मी तरी साध्या मार्गानं जाईन. फोटोशॉपच्या `Image Size`मधलं `Preserve Details 2.0` किंवा त्याहून जुनं `Bicubic Smoother`. हे नवं असं फारसं काही रचत नाहीत. थोडं मऊ देतात, पण जवळपास जे आहे तेच देतात. रॉ फाईल हाताशी असेल तर कॅमेरा रॉमधलं `Super Resolution` उत्तम. ते लांबी-रुंदी दुप्पट करतं, मग आपण हवं तेवढं कमी करायचं. जेपेगवरही ते चालतं, पण जेपेगच्या दाबामुळे पडलेले चौकोनही त्याबरोबर मोठे होतात.

त्यापुढचा गट म्हणजे रिअल-ईएसआरगॅनच्या जातीचे, हजारो फोटोंवर शिकलेले अपस्केलर. अपस्केल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, जे स्क्रीनवर `Upscayl` असं दिसतं, ते याच कुळातलं. यांना खराब झालेले फोटो सुधारायला शिकवलंय. म्हणून ते नॉइज पुसतात आणि कडा ओढतात. कापडावर हाच गुण अवगुण होतो. बारीक वीण त्यांना नॉइजच वाटते, म्हणून ती पुसली जाते. जरीच्या काठाची कड मात्र इतकी ओढली जाते की अळ्या वळवळल्यासारख्या रेषा दिसतात. इमारती, अक्षरं, रेखाटनं यांना ते ठीक आहेत.

आणि शेवटचा गट डिफ्यूजनवाल्यांचा: मॅग्निफिक, गिगापिक्सेलमधलं `Redefine` वगैरे. हे फोटो मोठा करत नाहीत, फोटो बघून नवा काढतात. खणाच्या जागी हे इतकी सुबक नक्षी काढतील की बघत राहावं, फक्त ती त्या साडीची नसेल. ‘क्रिएटिव्हिटी’ची पट्टी अगदी तळाशी ठेवली तरी बुट्टी बदलते, आणि नातीच्या पापण्यासुद्धा. मूळ साडी हाताशी नसेल आणि कापड लोकर, खादी, लिनन असं बिननक्षीचं असेल, तर फक्त कपड्यावर मास्क लावून, कमीत कमी जोरावर हे वापरायला माझी हरकत नाही. तिथेही धाग्याच्या जाडीचा मघाचा हिशेब मात्र करून घ्यायचा.

सगळं बसल्यावरही साडी थोडी उपरी वाटत होती. कारण कळायला मुलाला वेळ लागला, कारण ते बुट्टीत नव्हतंच. समारंभाच्या हॉलमध्ये काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याचा बारीक रवा असतो, ज्याला फोटोवाले ग्रेन किंवा नॉइज म्हणतात. तो चेहऱ्यावर होता, भिंतीवर होता आणि साडीवर नव्हता. डोळा इतका चाणाक्ष, की कारण सांगता आलं नाही तरी तेवढा भाग त्याला प्लास्टिकचा वाटतो. शेवटच्या मापावर, फक्त साडीवर `Add Noise`, एक-दोन टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic`. चेहऱ्याच्या बाजूच्या खांद्यावर नजर ठेवून जुळवायचं. शार्पनिंग त्याच्याही नंतर, सगळ्या फोटोवर एकदाच, साधारण एक पिक्सेलच्या त्रिज्येनं. जरीभोवती पांढरी रेघ दिसू लागली की ते जास्त झालं.

तपासणी स्क्रीनवर होत नाही. साधा मॉनिटर इंचाला शंभरएक पिक्सेलचा असतो, म्हणजे १०० टक्के झूमवर फोटो प्रिंटच्या अडीचपट मोठा दिसतो आणि नको त्या गोष्टींवर माणूस तासन्‌तास घालवतो. त्याऐवजी शेवटच्या फाईलमधून १५०० × १००० पिक्सेलचा तुकडा कापायचा, ज्यात थोडा चेहरा, थोडा खांदा आणि पदराचा काठ येईल. इंचाला २५०च्या हिशेबानं तो बरोबर ४ × ६ इंचांचा होतो. त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर काढून घ्यायचा. पाचपंचवीस रुपयांत सगळं कळतं. फाईल लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवायची नाही. साध्या पाठवणीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उतरते आणि एवढी राखलेली बुट्टी पुन्हा पाच-सहा पिक्सेलवर येऊन बसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राईव्ह घेऊन जा.

कागद निवडताना कॅनव्हास टाळा, कारण त्याची स्वतःची वीण खणाच्या बुट्टीत मिसळते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मॅट किंवा ग्लॉसी, दोन्ही चालतील. लॅबच्या काउंटरवर ‘ऑटो करेक्शन नको, आहे तसं काढा’ असं ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगू नका, कारण काउंटरवरचा माणूस आणि मशीनवरचा माणूस वेगळे असतात.